सवलतीची शिफारस चाचणीतून यावी

(शिक्षक-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्ययन अक्षमतेचा अहवाल हाती पडला की आपण बहुधा शेवटचे पान आधी उलगडतो, कारण सवलती तिथे लिहिलेल्या असतात. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्र अशी चार वाक्ये बहुतेक अहवालांत एकाच क्रमाने येतात. मूल कोणतेही असो, यादी तीच असेल, तर ती चाचणीतून आलेली नाही असे खुशाल समजावे. प्रत्येक सवलतीमागे अहवालातले एखादे निरीक्षण बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, एवढाच मुद्दा आज मला मांडायचा आहे.

त्यासाठी रचलेले एक उदाहरण घेऊ. मराठी माध्यमातला, आठवीतला, तेरा वर्षांचा एक मुलगा. दृष्टी आणि श्रवण तपासून झाले आहे, शाळा नियमित आहे, बुद्ध्यंक 98 आहे. म्हणजे न दिसणे, न ऐकू येणे, शिकवणीच न मिळणे किंवा एकूण बौद्धिक क्षमता कमी असणे ही कारणे बाजूला पडली. हा टप्पा गाळून थेट वाचनाच्या चाचणीवर उडी मारणारा अहवाल कच्चा असतो.

आता वाचन. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचा संबंध इंग्रजीपेक्षा बराच सरळ आहे, त्यामुळे वाचनाची अडचण असलेली मराठी मुलेही वयाबरोबर बऱ्यापैकी अचूक वाचू लागतात, मात्र त्यांची गती मंदच राहते. या मुलाला पाचवीच्या पुस्तकातला 120 शब्दांचा उतारा दिला, तेव्हा त्याच्या फक्त सहा-सात चुका झाल्या आणि त्याही जोडाक्षर, रफार, वेलांटी यांच्याच. पण उतारा संपायला तीन मिनिटे लागली. ज्या तपासनिसाने केवळ चुका मोजल्या, घड्याळ लावले नाही, तो ‘वाचन समाधानकारक’ असा शेरा मारून मोकळा होईल. इंग्रजी शब्दयाद्यांवर बेतलेली चाचणी या मुलाला दिली तर उलटाच घोटाळा होतो, कारण तिथले कमी गुण अक्षमतेचे आहेत की इंग्रजीशी असलेल्या तोकड्या परिचयाचे, हे सांगता येत नाही.

त्यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिला महागडे साहित्य लागत नाही. सारख्याच काठिण्याचे दोन उतारे घ्यायचे. एक त्याने स्वतः वाचायचा, दुसरा आपण वाचून दाखवायचा, आणि दोन्हींवर तोंडी प्रश्न विचारायचे. स्वतः वाचलेल्यावर दहापैकी चार उत्तरे बरोबर आली, ऐकलेल्यावर आठ. म्हणजे आशय त्याला कळतो, अडतो तो छापील ओळीशी. लेखनातही अशीच तुलना केली: तोंडी उत्तरात सहा मुद्दे आले, लेखी उत्तरात तीन, तेही ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि जोडाक्षरांच्या चुकांनी भरलेले. गणितात अंकांची उदाहरणे बिनचूक सुटली, शाब्दिक उदाहरणे चुकली, आणि तीच वाचून दाखवल्यावर सुटली.

आता शिफारशी आपोआप ठरतात. गती मंद आहे, म्हणून जादा वेळ. तासाला वीस मिनिटे या हिशेबाने तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रश्न वाचून दाखवण्याची सोय हवी, गणितातही. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापू नयेत. गणकयंत्राची शिफारस मात्र करू नये, कारण आकडेमोडीत त्याची अडचण आढळलेलीच नाही.

लेखनिकाचा प्रश्न जरा थांबून पाहावा लागतो. तोंडी उत्तर लेखीपेक्षा सरस आहे, म्हणून लेखनिक योग्य दिसतो. पण उत्तर मनात जुळवून, दुसऱ्याला झेपेल अशा वेगाने, विरामचिन्हांसह सांगणे हे वेगळेच कौशल्य आहे. ज्याने ते कधी केलेले नाही तो परीक्षेच्या हॉलमध्ये गोंधळतो आणि कधी कधी स्वतः लिहिले असते त्यापेक्षाही कमी गुण मिळवतो. म्हणून ‘आठवीच्या घटक चाचण्यांत लेखनिकासह आणि लेखनिकाविना उत्तरे घेऊन पाहावीत, दहावीपूर्वी निर्णय करावा’ असे अहवालात स्पष्ट लिहावे. जादा वेळेचेही तसेच. तो कसा वापरायचा, याचा सराव शाळेतच व्हायला हवा.

शेवटी कागदपत्रांविषयी. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, आणि केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ ठेवून चौदाव्या व अठराव्या वर्षी पुनर्तपासणी सांगितली. आपल्या उदाहरणातला मुलगा दहावीला बसण्याआधीच चौदा पूर्ण करणार आहे. तेव्हा प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या रुग्णालयाची तारीख पालकांनी नववीच्या सुरुवातीलाच घ्यावी, आणि मंडळाकडे प्रस्ताव शाळेमार्फत जात असल्याने मुख्याध्यापकांकडे अहवालाची प्रत त्याआधी पोहोचलेली असावी.