पांढरा सिरॅमिकचा जग पांढरा का दिसत नाही: कॅटलॉगच्या छपाईआधीचं फोटो करेक्शन

नमस्कार मंडळी. मागच्यांना स्क्रीन दिसतेय ना? लाइट थोडे कमी करा प्लीज, कारण आज ज्या फोटोवर बोलायचंय तो आधीच मळकट आहे, त्यात आणखी उजेड पडला तर काहीच कळणार नाही.

तर हा फोटो. पांढरा सिरॅमिकचा जग, वर कॉर्कचं झाकण, खाली काळ्या रबराची गोल बैठक. मागे पांढरा कागद. फोकस बरोबर आहे, अँगल छान आहे, धूळ नाही, आणि तरीही फोटो मेलेला दिसतोय. बघणारा म्हणतो की ब्राइटनेस वाढवा, आणि वाढवला की पिवळट फोटो उजळ पिवळट होतो, एवढंच. इथे तीन वेगळ्या गोष्टी बिघडल्यात. एक, रंगाची झाक. दोन, एकूण उजेड. तीन, खालचा काळा भाग एकगठ्ठा झालाय. या तीन गोष्टी याच क्रमाने दुरुस्त करायच्या आणि डोळ्यांवर विसंबून नाही तर आकडे बघून. डोळा फार लवकर जुळवून घेतो हो, पिवळट फोटोकडे दोन मिनिटं बघत बसलात की तो तुम्हाला पांढराच वाटायला लागतो.

फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनल उघडा, माउस मागच्या कागदावर न्या. इथे लाल १८६, हिरवा १७६, निळा १५८, प्रत्येक आकडा ० म्हणजे काळं ते २५५ म्हणजे पूर्ण उजळ. पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूचे तिन्ही आकडे साधारण सारखे यायला हवेत. इथे निळा मागे पडलाय, म्हणून पिवळी झाक. कारण साधं आहे, कॅमेरा ५५०० केल्विनला म्हणजे दिवसाच्या उजेडाला सेट होता आणि दिवे त्याहून पिवळे होते.

आता झाक काढणारा, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घ्यायचा आणि क्लिक कुठे करायचं? इथेच बहुतेक लोक घसरतात. जगावर क्लिक करायचं नाही, कारण ग्लेझ मुळातच किंचित क्रीम असू शकतं आणि ती क्रीम छटा हा मालाचा खरा रंग आहे, तो तुम्ही पुसून टाकाल. चकाकणाऱ्या ठिपक्यावर तर अजिबात नाही, तिथे तिन्ही चॅनल, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा, २५५ ला जाऊन आपटलेले असतात, त्यात रंगाची माहितीच उरलेली नसते. मागच्या कागदावरही शक्यतो नको, पुष्कळ पांढऱ्या कागदांत उजळपणा आणणारी रसायनं असतात, ती निळसर चमक देतात आणि त्यावर क्लिक केलं की सॉफ्टवेअर त्याची भरपाई म्हणून बाकी सगळं पिवळट करतं. म्हणून त्याच दिव्यांखाली पहिला फोटो ग्रे कार्ड, म्हणजे कुठलीही झाक नसलेलं राखाडी कार्ड, धरून काढायचा. आपल्याकडे तो आहे, त्यावर क्लिक केलं, टेम्परेचर ४५०० च्या आसपास आलं, आणि तेच सेटिंग या जगाच्या फोटोला लावलं. त्याच दिव्यांखालचे, त्याच सेटअपमधले जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांना हेच लावायचं, प्रत्येकाला वेगवेगळं क्लिक करत बसायचं नाही, नाहीतर कॅटलॉगच्या समोरासमोरच्या दोन पानांवर एकच जग दोन रंगांचा दिसतो.

(मागून प्रश्न आला: ऑटो दाबलं तर नाही का चालत?)

कधीकधी चालतं. पण ऑटो अंदाज बांधतो, त्याला ही वस्तू काय आहे ते माहीत नसतं. फ्रेममध्ये कॉर्क किंवा लाकूड जास्त असेल तर तो सगळं फारच पिवळं झालंय असं समजून निळ्याकडे ओढू शकतो, पुढच्या फोटोत वस्तू वेगळी आली की अंदाजही वेगळा. एका फोटोपुरतं खपून जाईल, चाळीस पानांना नाही.

आणि हो, हे सगळं रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलवर. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, बदलली तरी नुकसान नाही. जेपेगमध्ये रंग आधीच भाजून निघालेला असतो, प्रत्येक चॅनलला जेमतेम २५६ पायऱ्या, त्या ताणल्या की मागच्या गुळगुळीत कागदावर पट्टे दिसायला लागतात. थोडी झाक असेल तर जेपेगही सुधारतं, पण एवढी पिवळी झाक असेल तर मी सरळ फोटो परत काढा म्हणेन. अजून एक अडचण, ज्यावर एका क्लिकचा इलाजच नाही: एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने बल्ब. मग जगाची डावी कड निळी आणि उजवी पिवळी. एक बरोबर केली की दुसरी बिघडते. तिथे मास्क लावून, म्हणजे ठरावीक भागच निवडून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या सुधाराव्या लागतात, आणि मधे दोन्ही उजेड मिसळतात तिथे कितीही केलं तरी थोडं राहतंच.

बरं, आता एक्स्पोजर. फोटो अंधारा का आला? दिवे कमी नव्हते. कॅमेऱ्याचा मीटर फ्रेमची सरासरी मधल्या राखाडीकडे न्यायला बघतो, आणि फ्रेममध्ये सगळं पांढरंच असलं की तो म्हणतो, अरे बापरे, फार उजेड आहे, कमी करा. म्हणून पांढऱ्यावर पांढरं नेहमी राखाडी येतं. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला. मागचा कागद झाक काढल्यावर १७६ च्या आसपास होता, तो आता साधारण २४० झाला, जगाचं अंग १६८ वरून २३० ला आलं. व्हाइट बॅलन्स आधी का, ते आता कळेल. झाक काढताना निळा चॅनल वर सरकतो. आधी एक्स्पोजर काठापर्यंत नेऊन ठेवला असता आणि मग निळा वर गेला असता, तर उजळ भागात निळा आधी आपटला असता आणि सगळं परत खाली आणावं लागलं असतं.

इथून पुढे पडदा आणि कागद यांचे रस्ते वेगळे होतात, आणि माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. पडद्यावर २५२ आणि २५५ मधला फरक कुणालाही दिसत नाही. ऑफसेट छपाईत पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कोरा कागद, आणि फिक्या छटा शाईच्या बारीक ठिपक्यांनी येतात. २५५ म्हणजे तिथे एकही ठिपका नाही. २५२ म्हणजे एखाद टक्क्याचे विरळ ठिपके, आणि एवढे बारीक ठिपके प्रेसवर धड टिकत नाहीत, कुठे उमटतात कुठे उडतात. मग होतं काय, पानावर जगाभोवती फोटोची चौकट हलकीशी मळकट दिसते, बाजूला कोरा कागद, आत धुरकट चौकोन. कॅटलॉग हातात आल्यावर हे दिसलं की काहीही करता येत नाही. म्हणून मागचा भाग एकतर पूर्ण २५५, नाहीतर उघड उघड राखाडी, मधलं काही नाही. आणि तो २५५ करायचा तर सिलेक्शन करून फक्त मागचाच, पूर्ण फोटोचा एक्स्पोजर ओढून नाही. कारण जगाचं अंग २३० लाच राहायला हवं, तिथे साधारण आठ-दहा टक्के ठिपके पडतात आणि त्यामुळेच जगाला कड येते, गोलाई येते. तेही २५० ला गेलं की जग कागदात विरघळून जातो, नुसतं झाकण आणि बैठक हवेत तरंगताना दिसतात. कोरा कागद फक्त चकाकीच्या त्या बारक्या ठिपक्यापुरता. कुठे काय आपटतंय ते बघायला कॅमेरा रॉमध्ये ऑल्ट की दाबून व्हाइट्सचा स्लायडर धरा, स्क्रीन काळी होते आणि आपटलेला भागच तेवढा चमकतो.

आता सावल्या. रबराची बैठक मूळ फोटोत १८-२० च्या आसपास होती, एक्स्पोजरने २७-२८ झाली. पडद्यावर तिची खाच अजून जेमतेम दिसते. आर्ट पेपरवर ढोबळमानाने २५-३० च्या खालचं सगळं एकच काळं होतं, म्हणजे खाच गेली. शॅडोज स्लायडर पंचवीस-तीसपर्यंत वाढवला की बैठक ४० च्या आसपास येते, खाच वाचते, आणि मग ब्लॅक्स थोडा खाली, म्हणजे सगळ्यात खोल रेघ काळीच राहते. पन्नास-साठच्या पुढे मात्र जाऊ नका. काळं रबर राखाडी आणि मातट दिसायला लागतं, दाणे वर येतात, आणि काळ्या बैठकीच्या कडेने पांढऱ्या कागदावर एक उजळ रेघ उमटते. शंभर टक्के झूमला बघा, ती रेघ दिसली की समजा स्लायडर जास्त झालाय. त्यापेक्षा फक्त बैठकीवर मास्क करून उचला.

जगाखालची सावली उडवू नका एवढं ऐका. मागचं २५५ करताना लोक तीही साफ करून टाकतात आणि वस्तू टेबलावर बसल्यासारखी वाटतच नाही. बैठकीला चिकटलेली गडद रेघ ठेवायची, तिथून बाहेर हळूहळू विरत २५५ ला न्यायची. आणि त्या सावलीचे आकडे बघा, पुष्कळदा पांढरं बरोबर आलेलं असतं पण सावली निळसर राहते, कारण तिथे मुख्य दिवा पोचत नाही, इकडचातिकडचा उजेड पोचतो. तेवढ्याच भागाचं सॅच्युरेशन कमी करा.

एवढं झाल्यावर सीएमवायके, म्हणजे फाइल छपाईच्या चार शायांमध्ये बदलायची. प्रेसवाल्यांना आधी विचारा कोणता प्रोफाइल हवाय, म्हणजे त्या प्रेसवर त्या कागदावर रंग कसे उमटतात त्याची नोंद असलेली फाइल, कागद कोणता आहे, आणि चारही शाया मिळून शाईची एकूण मर्यादा किती, आर्ट पेपरला ती बहुतेक वेळा ३०० ते ३३० टक्के असते. ठिपके कागदावर पसरतात, फाइलमधला पन्नास टक्क्यांचा ठिपका छापल्यावर पासष्टच्या आसपास भरतो. पण नीट प्रोफाइल लावलात तर हा हिशोब त्यातच धरलेला असतो, म्हणून छपाईत गडद येतं असं कुणाकडून ऐकून वर आणखी उजळ करून पाठवू नका, दोनदा भरपाई होते आणि जग धुतल्यासारखा येतो. छपाई गडद आली अशी तक्रार असते तेव्हा बरेचदा दोष मॉनिटरचा निघतो, तो पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून काम केलेलं असतं. तो १०० कँडेलाच्या आसपास आणा, फोटोशॉपमध्ये Ctrl+Y दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याची पडद्यावरची झलक, लावा, कागदाचा रंग दाखवण्याचा पर्याय चालू करा. फोटो एकदम फिका आणि उदास दिसेल, घाबरू नका, पानावर साधारण तेवढंच मिळणार आहे. त्या अवस्थेत बैठकीची खाच दिसतेय का आणि जगाची कड मागच्यापासून सुटतेय का, एवढं तपासा. छापील प्रूफ आलं तर ते ५००० केल्विनच्या दिव्याखाली बघा, खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली बघून परत व्हाइट बॅलन्स हलवायला जाऊ नका.

रिझोल्यूशन छापायच्या मापाला इंचाला ३०० पिक्सेल, शार्पनिंग सगळ्यात शेवटी. आणि सीएमवायके केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, लाल-हिरव्या-निळ्याची मूळ आरजीबीवाली लेयरसकट जपून ठेवा, कारण ऐनवेळी कागद बदलून अनकोटेड, म्हणजे लेप नसलेला, झाला तर तिथे काळं आणखी उथळ येतं, ठिपका जास्त पसरतो, आणि तेव्हा सीएमवायकेची डागडुजी करण्यापेक्षा आरजीबीवर येऊन बैठक अजून थोडी उचलून नव्या प्रोफाइलने परत बदलणं कितीतरी सोपं जातं.