शिडीचे टोक भिंत कधी सोडते?

मित्रहो, आज मला घसरणाऱ्या शिडीच्या जुन्या गणिताविषयी बोलायचे आहे. 5 मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकलेली आहे आणि तिचा पाया सेकंदाला अर्धा मीटर या स्थिर वेगाने भिंतीपासून दूर ओढला जात आहे. पाया भिंतीपासून 3 मीटर अंतरावर असताना वरचे टोक किती वेगाने खाली येत असेल?

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर हे गणित सोडवताना आरंभीच x = 3 आणि y = 4 मांडले, 9 + 16 = 25 असे लिहिले, त्याचे अवकलन केले आणि 0 = 0 मिळाल्यावर ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला पायथागोरस येत होता, अवकलनाचे नियमही येत होते. पण वर्गात तिला "किमती शेवटी घाला" एवढाच हुकूम मिळाला होता. कारण कोणी सांगितले नव्हते, आणि याचे मला आजही वाईट वाटते. 3 हा आकडा घातला की x बदलायचा थांबतो, म्हणजेच आपण शिडीचे छायाचित्र काढतो, आणि छायाचित्राला वेग नसतो. x आणि y ही दोन्ही काळाची फलने आहेत, हे धरूनच अवकलन करायला हवे:

x² + y² = 25
2x·(dx/dt) + 2y·(dy/dt) = 0
dy/dt = −(x/y)·(dx/dt)

आता किमती घातल्या की −(3/4)(0.5), म्हणजे −0.375 मीटर प्रतिसेकंद मिळतात. ऋण चिन्ह उंची घटत असल्याचे सांगते. पडताळाही सोपा आहे. पुढच्या 2 सेकंदांत पाया 4 मीटरवर जातो आणि टोक 3 मीटरवर येते, म्हणजे सरासरी वेग 0.5, तो आरंभीच्या 0.375 आणि शेवटच्या 0.667 यांच्या दरम्यान बसतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून शीर्षकातला प्रश्न थोडक्यात घेतो. y शून्याकडे गेला की हे सूत्र अनंत वेग देते. जमिनीपासून 10 सेंटिमीटरवर ताशी सुमारे 90 किलोमीटर! चूक अवकलनात नाही. टोक भिंतीला टेकलेले आहे तोवरच x² + y² = 25 हे समीकरण खरे असते. टेकून राहायचे तर टोकाला खालच्या दिशेने 6.25/y³ इतके त्वरण लागते, आणि शिडी एकसमान जाडीची व भिंत घर्षणरहित मानली तर y³ = 2L²v²/(3g) या उंचीखाली गुरुत्वाकर्षण तेवढे त्वरण देऊ शकत नाही. येथे L शिडीची लांबी आणि v पायाचा वेग. आपल्या शिडीसाठी ही उंची सुमारे 75 सेंटिमीटर येते. तेथे भिंतीची प्रतिक्रिया शून्य होते आणि टोक भिंतीपासून सुटते. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 3.3 मीटर असतो.