रेड-ब्लॅक ट्री: पाच आकडे, एक काका आणि एक वाकडं वळण

कागद-पेन घ्या आणि माझ्याबरोबर काढत चला. आकडे पाचच: १०, २०, ३०, १५, १२. काळ्या नोडला 'क', लाल नोडला 'ल'.

१० पहिला, म्हणजे रूट, म्हणून काळा. यापुढे येणारा प्रत्येक नोड लालच टाकायचा. काळा टाकला, तर त्या एकाच वाटेवर काळ्यांची संख्या वाढते आणि सगळ्या झाडाचा हिशोब बिघडतो. लाल टाकल्यावर भीती एकच, लालखाली लाल येण्याची.

२० उजवीकडे लाल बसला, तक्रार नाही. ३० त्याच्याही उजवीकडे. आता लालखाली लाल! अशा वेळी आधी काका बघायचा, म्हणजे बापाचा भाऊ. इथे काकाची जागा रिकामी आहे, आणि रिकामी जागा काळी धरतात. काका काळा, तिघं एका रेषेत, म्हणून १० वर एक डावं रोटेशन. २० वर येऊन काळा होतो, १० लाल होतो.

```
    २०क
   /   \
 १०ल   ३०ल
```

आता १५. तो १० च्या उजवीकडे जातो. बाप लाल, पण काका ३० सुद्धा लाल. म्हणजे काही फिरवायचं नाही, फक्त रंग बदलायचे: १० आणि ३० काळे, आजोबा २० लाल. पण २० रूट आहे, म्हणून तो परत काळा. रूट नसता तर लालच राहिला असता, आणि त्याच्या बापाशी भांडण आहे का, हे वर जाऊन बघावं लागलं असतं.

```
    २०क
   /   \
 १०क   ३०क
    \
    १५ल
```

शेवटचा १२, आणि पेपरात मार्क जातात ते इथेच. तो १५ च्या डावीकडे बसतो. काका रिकामा, पण १०, १५, १२ सरळ रेषेत नाहीत. वाट उजवीकडे जाऊन डावीकडे वळते. घाईत १० वर थेट डावं रोटेशन केलंत, तर १५ वर येईल, १० त्याच्या डावीकडे, आणि १२ त्या १० च्या उजवीकडे लटकेल. रंग बदलून बघा: १० लाल, १२ लाल. भांडण मिटलंच नाही, नुसतं बाजू बदलून बसलं.

म्हणून आधी १५ वर उजवं रोटेशन. आता १०, १२, १५ एका रेषेत आले. रंगांना अजून हात लावायचा नाही. मग १० वर डावं रोटेशन, आणि १२ काळा, १० लाल.

```
       २०क
      /   \
    १२क   ३०क
   /   \
 १०ल   १५ल
```

वहीत असंच आलंय का, ते तपासा. डावीकडून उजवीकडे वाचलं तर १०, १२, १५, २०, ३० यायला हवेत. क्रम चुकला तर रोटेशनमध्ये एखादं पोर चुकीच्या घरी गेलंय. आणि रूटपासून प्रत्येक रिकाम्या जागेपर्यंत काळे नोड दोनच भरायला हवेत. ३० च्या बाजूने मोजा, १० च्या बाजूने मोजा.

दोन आले? मग आता २५ घाला. काका शोधायचीसुद्धा गरज पडणार नाही. का, ते कमेंटमध्ये लिहा.