कुर्ता कुठे संपतो, त्यावर खालचं ठरतं

नमस्कार श्रोतेहो.

कुर्त्याचं कापड मनासारखं मिळालं, शिलाईही छान झाली आणि तरी अंगावर घातल्यावर काहीतरी खटकतं, असं पुष्कळ जणींचं होतं. चुडीदार, सलवार, सरळ पॅण्ट किंवा पलाझो निवडताना आपण रंग जुळतोय का एवढंच बघतो. खटकतं ते बहुधा कुर्त्याच्या खालच्या काठाशी. तो काठ पायावर नेमका कुठे येतो आणि त्याच्याखाली किती घेर बाहेर पडतो, इथेच ड्रेस जमतो किंवा फसतो. म्हणून आधी टेप हातात घेऊ.

गळ्यालगत, खांद्याच्या वरच्या टोकाला टेप धरून खाली जमिनीपर्यंत सोडायची. खाली वाकलात तर माप बदलतं, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचं उदाहरण घेऊ. तिचं हे माप साधारण 53 इंच भरेल. गुडघा येईल 36 इंचांच्या आसपास, पोटरीचा सगळ्यात भरलेला भाग 40 ते 41 वर आणि घोटा 50 वर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण या तीन जागा लिहून ठेवा.

आता तिचा पहिला कुर्ता, उंची 36, उभी कॉलर, पुढे बटणपट्टी. गुडघ्याखाली सतरा इंच पाय दिसतोय, म्हणजे खालचा कपडा पुरता नजरेत येतो. इथे सलवार घातली तर तिचा घोळ कुर्त्याला बाहेर ढकलतो आणि कुर्ता छत्रीसारखा फुलतो. चुडीदार घातला तर गुडघ्यावरच्या सुरकुत्या उघड्या पडतात. इथे सरळ पॅण्टच हवी. बटणपट्टीची उभी रेघ पॅण्टच्या उभ्या रेषेत पुढे चालू राहते आणि उंची भरल्यासारखी वाटते. पॅण्ट घोट्याच्या हाडाशी किंवा त्याच्या इंचभर वर संपू द्या. मोहरी, म्हणजे पॅण्टच्या पायाचं खालचं तोंड, मात्र मोजून घ्या. टाच आणि पावलाची वरची बाजू मिळून टेप गुंडाळली तर बहुतेकींचं माप 12 ते 13 इंच येतं. सपाट ठेवलेली मोहरी 6 इंच, म्हणजे गोल फिरून 12 इंच असेल तर ताण न घेणाऱ्या सुती कापडात पाय अडकतो आणि रोज ओढून ओढून शिवण उसवते. साडेसहा किंवा सात इंच ठेवा. अरुंदच हवी असेल तर बाजूला दोन इंचांचा कट घ्या.

दुसरा कुर्ता 41 इंचांचा. बाजारात या उंचीचे तयार कुर्ते भरपूर, आणि आपल्या बाईच्या बाबतीत तो काठ नेमका पोटरीच्या भरलेल्या भागावर येतो. त्याखाली तंग पॅण्ट घातली की नजर थेट तिथेच जाते आणि पाय आहेत त्याहून जाड वाटतात. उपाय सोपा आहे. खालची दुमड वाढवून कुर्ता 38 वर आणा, नाहीतर खाली सलवार घाला. सलवारीला ही उंची फार मानवते. तिच्या चुण्या कमरेच्या पट्ट्याखाली सुरू होतात, त्या झाकायला एवढा लांब कुर्ता लागतोच आणि घोट्याजवळचा थोडा घोळ तेवढा बाहेर दिसतो.

इथे एक गोष्ट जवळून बघा. सलवारीचा पट्टा सात-आठ इंच रुंद असतो, त्यामुळे तो खांद्यापासून 23-24 इंचांवर संपतो. कुर्त्याचा बाजूचा कट जर 20 वरच सुरू झाला, तर चालताना तो सपाट पट्टा आणि चुण्यांची शिवण दोन्ही दिसतात. शिवून घेणार असाल तर कट 23 च्या खाली सुरू करायला सांगा. तयार कुर्त्याचा कट वर असेल तर दोन्ही बाजूंना तीन इंच शिवून बंद करा. मात्र बसून बघा, कारण नितंबांवर कुर्ता आधीच तंग असेल तर कट बंद केल्यावर तिथली शिवण ताणली जाते.

तिसरा कुर्ता 46 इंचांचा. पोटरी ओलांडून घोट्याच्या दिशेने गेलेला. तो सरळ कापलेला असेल आणि बाजूचे कट उंच असतील तर पलाझो शोभतो, कारण कटातून घेर मोकळा पडतो. कळ्यांचा, घेरदार कुर्ता असेल तर पलाझो नको. दोन घेर एकमेकांत अडकतात, चालताना कापड पायांत गोळा होतं. घेरदार कुर्त्याखाली चुडीदारच.

चुडीदाराची निवड सगळ्यात जास्त चुकते. तो उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यात कापलेला असावा लागतो. तिरप्या धाग्यातलं सुती कापड ताण घेतं, म्हणून तंग असूनही मांडी घालून बसता येतं. कापड वाचवण्यासाठी उभ्या धाग्यात कापला, तर चार दिवसांत गुडघ्याला फुगा येतो आणि बसताना आसनाची शिवण जाते. दुकानात ओळखायचं कसं? पायाचा भाग गुडघ्याजवळ दोन्ही हातांत धरून आडवा ओढा. उरेब असेल तर कापड देतं आणि सोडल्यावर पुन्हा जागेवर येतं. धागे नीट पाहिले तर ते शिवणीला तिरके जाताना दिसतील. पायाच्या लांबीपेक्षा पाच-सहा इंच जास्त कापड हवं. तेवढ्यात घोट्यापासून पोटरीच्या खालपर्यंत चार-पाच चुड्या पडतात. चुड्या गुडघ्यापर्यंत चढल्या तर लांबी जास्त झाली असं समजा.

आता गळ्याकडे वळू, कारण ओढणी घ्यायची की नाही हे गळा ठरवतो. बोट नेकमध्ये खांद्यावर जेमतेम दोन इंच कापड उरतं. सलवारीवर जरीकाठाची जड ओढणी घेऊन ती तिथे पिनेने टाचली, की गळा एका बाजूला ओढला जातो आणि खांदा उतरतो. अशा गळ्यावर ओढणी नकोच; तो कुर्ता पलाझोवर घाला. बोट नेकने खांदे रुंद वाटतात, खालचा घेर त्यांना तोलून धरतो. तोच गळा चुडीदारावर घातला तर वर रुंद आणि खाली निमुळतं होतं. अरुंद खांद्यांच्या मुलीला ते छान दिसेल, भरलेल्या खांद्यांच्या बाईने टाळावं.

सलवार आणि ओढणी ही जोडी हवी असेल तर गोल किंवा व्ही गळा घ्या, खांद्यावर किमान तीन इंच कापड ठेवा. व्ही गळा छोटा असला तरी चालतो, पाच-साडेपाच इंच खोली पुरते. चुण्यांमुळे खाली आलेला भारदस्तपणा त्या उभ्या रेषेने हलका होतो. उभ्या कॉलरवर ओढणी मानेशी चुरगळते, म्हणून कॉलर पॅण्टसाठी राखून ठेवा.

पलाझोची उंची नेहमीची चप्पल घालूनच मोजा. काठ जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर असावा, पावसाळ्यात दोन इंच. सुती कापड असेल तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटून घोट्यावर चढेल आणि मग ना पॅण्ट ना पलाझो, असं काहीतरी उरेल. आणि स्कूटरवर मागे बसणार असाल, तर घेर मांडीखाली दाबून घ्या, चाकाच्या बाजूला लोंबू देऊ नका.