आधी काय, ते आधी

नमस्कार श्रोतेहो.

शिट्टी झाली, गॅस बंद केला, म्हणून कुकरचं झाकण लगेच कुणी ओढत नाही. आत वाफ कोंडलेली असते, हे आपल्याला कुणी लिहून द्यावं लागत नाही. कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसचंही तसंच असतं. पंप बंद झाला, आवाज थांबला, तरी आत तेल दाबाखाली असतं. फरक एवढाच, की ते तिथे लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहिण्याचं काम माझं. मी यंत्रांच्या देखभालीच्या पुस्तिका मराठीत आणते.

भोसरीतल्या एका कारखान्यातली गोष्ट सांगते. ही मी सगळीकडे सांगते, घरचे कंटाळलेत, पण तुम्ही ऐका.

तिथल्या प्रेसला अ‍ॅक्युम्युलेटर होता. म्हणजे जाड पोलादी बाटला. त्यात एका बाजूला नायट्रोजन भरलेला, दुसऱ्या बाजूला तेल, मधे रबराची पिशवी. पंप तेल कोंबतो, वायू दबतो, आणि लागेल तेव्हा स्प्रिंगसारखा तेल बाहेर ढकलतो. पंप बंद असला तरी ढकलतो. इंग्रजी पुस्तिकेतल्या इशाऱ्याचं मी मराठी केलं होतं ते असं: ‘देखभालीपूर्वी यंत्र विलग करावे. कोणतीही जोडणी सैल करण्यापूर्वी संचायकातील अवशिष्ट दाब मुक्त करण्यात यावा.’ व्याकरणात चूक नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश माझ्या कपाटात आहेत, शब्द जागच्या जागी होते. कंपनीने दुसऱ्या अनुवादकाकडून ते उलट इंग्रजीत करून घेतलं, मूळ मजकुराशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. सगळे खूश.

मग तिथला जुना फिटर पुढे आला. सगळे त्यांना मामा म्हणायचे. म्हणाले, “मॅडम, तुम्ही वाचा, मी करतो.” सुपरवायझरनी आधीच मेन स्विचला कुलूप घातलं होतं आणि तेलाचा दाब उतरवून ठेवला होता, म्हणून मी निर्धास्त.

मी वाचलं, “देखभालीपूर्वी यंत्र विलग करावे.”

मामांनी हात कमरेवर ठेवले. “विलग म्हणजे विलगीकरण ना? मशीनला कोरोना झालाय का?”

पोरं हसली. मीही हसले, पण घशात काहीतरी अडकलं. कारण ‘विलग’ नको म्हणून ‘मशीन वेगळं करा’ लिहावं, तर एखादा नवा मुलगा ते खोलूनच ठेवेल. सांगायचं होतं एवढंच, की मेन स्विच बंद करा आणि त्याला कुलूप लावा.

पुढे वाचलं, “कोणतीही जोडणी सैल करण्यापूर्वी...” आणि श्वास घ्यायला थांबले. समोर बघते तर मामांनी पाना नटावर चढवलेला. “थांबा, थांबा!” मी ओरडले.

मामा शांत. “काय झालं? जोडणी सैल करा म्हणालात.”

“करण्यापूर्वी म्हणाले. आधी दाब उतरवायचा.”

“मग तो आधी सांगायचा ना, मॅडम!”

श्रोतेहो, मामांना वाक्य कळत नव्हतं असं नाही. ते मला दाखवत होते. मशीनपाशी माणूस पूर्ण वाक्य वाचून मग हात हलवत नाही. एक डोळा कागदावर, एक नटावर. आणि आपल्या मराठीत ‘अमुक करण्यापूर्वी तमुक करा’ म्हटलं, की जे नंतर करायचं ते कानावर आधी पडतं. इंग्रजीत आधीचं काम आधी लिहिलेलं होतं. मी सरळ अनुवाद केला आणि क्रम उलटा झाला. उलट तपासणीत ते सापडणारच नव्हतं, कारण इंग्रजीत परत जाताना क्रम पुन्हा सरळ झाला.

पुन्हा सांगते: जे आधी करायचं, ते आधी लिहायचं. ‘पूर्वी’ नको, ‘आधी हे, मग ते’.

मामा एवढ्यावर थांबले नाहीत. माझ्या पुढच्या ओळीत होतं, ‘दाबमापक शून्य दर्शवत असल्याची खात्री करावी.’ मामांनी विचारलं, “कुठला गेज?” प्रेसवर दोन गेज होते. एक पंपाजवळ, एक अ‍ॅक्युम्युलेटरजवळ. मधे चेक व्हॉल्व, म्हणजे तेलाला मागे येऊ न देणारा. पंप बंद केला की पंपाजवळचा काटा शून्यावर जाऊ शकतो, आणि पलीकडे पूर्ण दाब तसाच. मूळ इंग्रजीतही कुठला गेज ते लिहिलेलं नव्हतं. ड्रेन व्हॉल्व हळू उघडला की तेल टाकीत परत जातं, तेव्हा बरोबर गेजचा काटा कसा येतो, हेही मामांनीच सांगितलं: हळूहळू उतरत येतो आणि एका आकड्यावरून धाडकन शून्यावर पडतो. तिथे तेल संपलं. तो आकडा म्हणजे आतल्या नायट्रोजनचा दाब. नायट्रोजन आतच राहतो, म्हणून वरच्या गॅसच्या व्हॉल्वला हात लावायचा नाही.

शेवटी कागदावर उतरलं ते हे. मेन स्विच बंद करा. कुलूप लावा, चावी खिशात ठेवा. ड्रेन व्हॉल्व हळू उघडा. अ‍ॅक्युम्युलेटरजवळच्या गेजचा काटा शून्यावर पडेपर्यंत थांबा. मग नट ढिला करा. एका ओळीत एकच काम.

‘संचायक’ गेला, अ‍ॅक्युम्युलेटर आला. यावर मला पत्रं येतात, की तुम्ही मराठी बुडवताय. अहो, मराठी बुडते ती ‘करण्यात यावे’ने. कोणी करावं? रेल्वे स्टेशनवरही तेच, ‘प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल’. असुविधा! घरी कोण म्हणतं? असो.

अजून एक सांगायचं राहिलं. ‘पंप बंद केल्यावरही दाब राहू शकतो’ असं मी लिहिलं होतं. ‘शकतो’ म्हटलं की माणूस मनात म्हणतो, नसेलही. इशाऱ्यात ‘राहतो’ लिहावं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने भिंतीवरच्या सूचनांसाठी म्हटलं होतं, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत. समजेल अशा. आज निम्मी पाळी बिहार-ओडिशाची असेल, तर माझ्या मराठीशेजारी हिंदीही हवी, यात मला कमीपणा वाटत नाही.

निघताना मामांनी मला प्रेसच्या मागे नेलं. गार्डवर जुना स्टिकर होता. पिवळा, मोठी अक्षरं, आपलंच सोपं मराठी: ‘मशीन चालू असताना गार्ड उघडू’. ‘नका’ दुसऱ्या ओळीत होतं, आणि त्या ओळीवरून कुणीतरी केबलची पट्टी नेली होती.

मी मोबाइलमध्ये फोटो काढला. मामांनी खिशातून मार्कर काढला आणि वर, मोकळ्या जागेत, आधी ‘नको!’ लिहिलं.