मूठभर की मुठीएवढा?

(महिला बचत गटाच्या बैठकीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना साखरेचा त्रास आहे. त्यांना मी सांगितलं होतं, "दुपारी मूठभर तांदळाचाच भात घ्या." तीन महिन्यांनी त्या आल्या, तर जेवणानंतरची साखर होती तशीच. रोज किती भात घेता, असं विचारल्यावर त्यांनी ताटाशेजारी मूठ धरून दाखवली. "एवढा ढीग. तुम्हीच सांगितलंत ना, मूठभर!"

चूक माझी होती. मुठीत मावतं ते मूठभर आणि बाहेरून मुठीच्या आकाराचं ते मुठीएवढं. ही दोन मापं वेगळी आहेत, हे मी फोड करून सांगितलंच नव्हतं. मग आम्ही त्यांच्याच स्वयंपाकघरात ते मोजून पाहिलं. घरात वजनकाटा नव्हता, पण अर्धा किलो तांदळाचं बंद पाकीट होतं. ते फोडून परातीत ओतलं आणि आजींना म्हटलं, मूठ भरून एकेक मूठ डब्यात टाका. तेरा मुठींत परात रिकामी झाली. पाचशे ग्रॅमला तेराने भागलं की एका मुठीत अडतीस ग्रॅमच्या आसपास. हेच मूठभर तांदूळ शिजले की फुगून साधारण तिपटीच्या जवळ जातात. आजींची वाटी पाण्याच्या लिटरच्या बाटलीत साडेसहा वेळा ओतली तेव्हा बाटली भरली, म्हणजे वाटी दीडशे मिलीची. मूठभर तांदळाचा भात त्या वाटीत जेमतेम एक वाटी झाला. मुठीएवढा ढीग मात्र भरला दीड वाटी! रोज निम्म्याने जास्त भात पोटात जात होता.

म्हणून माझं सांगणं आहे की दुसऱ्या कुणाच्या मुठीचा आकडा घेऊ नका, आपली मूठ एकदा मोजा. नवं पाकीट फोडाल तेव्हा पाच मिनिटं लागतील. माझी सून हेच करायला बसली तर तिचे तांदूळ दहा मुठींतच संपले, म्हणजे तिची मूठ पन्नास ग्रॅमची. आता एका घरात आज सासूने तांदूळ घेतले आणि उद्या सुनेने, तर दोघींनी "तीन मुठी" म्हटलं तरी भात सारखा होणार नाही. तांदूळ मापणारा हात रोज एकच ठेवा.

मोजताना हात कसा धरता त्यावरही फार अवलंबून आहे. बोटं मिटून घेतलेली मूठ आणि तळवा खोलगट करून घेतलेला पसा, यांत पशात जास्त बसतं. त्यात वर शीग आली की आणखी वाढतं. पसा वापरायचा असेल तर हात हलकासा हलवून शीग सांडू द्या आणि मग मोजा. पिठाचं आणखी वेगळं आहे. ज्वारीचं पीठ मुठीत आवळलं की दाबलं जातं, एकाच मुठीत कधी जास्त, कधी कमी येतं. पिठासाठी मूठ नकोच. सैल पसा घ्या, आणि तोही पिठाच्या पाकिटावर वेगळा मोजा, तांदळाचा आकडा पिठाला लावू नका.

डाळही मी कच्चीच मोजायला सांगते. शिजलेल्या वरणावर हाताचं माप चालत नाही, कारण पाणी वाढवलं की वाटी तेवढीच दिसते आणि तिच्यातली डाळ कमी होते. मूठभर तूरडाळ साधारण चाळीस ग्रॅम धरली तर तिच्यात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात. मग वरण पातळ करा नाहीतर घट्ट, ती माणशी एक मूठ पातेल्यात पडली पाहिजे. मासे-चिकनसाठी बोटं सोडून नुसता तळवा बघा. तळव्याएवढा आणि करंगळीएवढा जाड तुकडा शिजल्यावर साधारण शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर असतो. काटा-हाड असेल तर तेवढं वजा धरा.

एका ताईंनी मघाशी विचारलं, लहान मुलांना कुणाच्या हाताने मोजायचं? ताटातला ढीग किंवा तुकडा बघताना जेवणाऱ्याचाच हात बघा. चार वर्षांच्या नातवाच्या तळव्याएवढा मासा त्याला पुरतो, आजोबांच्या तळव्याएवढा त्याच्या ताटात वाढू नका. पातेल्यात तांदूळ टाकताना मात्र मोजलेला तो एकच हात. मुलासाठी त्याच हाताची अर्धी मूठ धरा, म्हणजे पुन्हा हिशेब करावा लागत नाही.

तेल आणि मीठ मात्र हाताने मोजू नका. चिमटीत मीठ किती येतं ते बोटं ओली की कोरडी यावरही बदलतं. आणि जुलाबात बाळाला द्यायचं मीठ-साखरेचं पाणी अंदाजाने करू नका. मीठ जास्त झालं तर त्याला अपाय होतो. आरोग्य केंद्रातून ओआरएसचं पाकीट आणा आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते सगळं विरघळवा.

आजींचा भात आता एका वाटीवर आलाय. वाटी तीच, दीडशे मिलीची. पातेल्यात तांदूळ टाकताना त्या अजूनही मोठ्याने मोजतात.