घड्याळातला सिल्व्हर ऑक्साइड सेल शेवटपर्यंत अशक्त का होत नाही

श्रोतेहो, काट्यांचे क्वार्ट्झ घड्याळ बंद पडते तेव्हा त्याआधी ते बहुधा अगदी बिनचूक वेळ दाखवत असते. सेल दोन वर्षे वापरात असला तरी काटे मंदावत नाहीत, आणि मीटर लावून पाहिले तर नव्या सेलइतकाच विद्युतदाब दिसतो. मग काही दिवसांतच तो इतका खाली येतो की घड्याळ थांबते. त्याच खोबणीत त्याच आकाराचा अल्कलाइन सेल बसवला तर वागणूक वेगळी दिसते. त्याचा दाब पहिल्या महिन्यापासून हळूहळू उतरत जातो. दोन्ही सेलमध्ये ऋण बाजूला जस्ताची भुकटी असते आणि मध्ये अल्कलीचे द्रावण असते. वेगळा असतो तो फक्त धन बाजूचा पदार्थ. एवढ्या एका बदलाने दाबाच्या उताराच्या आलेखाचा आकार का पालटतो, याचे उत्तर आज आपण शोधणार आहोत.

एक ठरावीक माप समोर ठेवू. अनेक लहान घड्याळांत ६.८ मिलिमीटर व्यासाचा आणि २.६ मिलिमीटर जाडीचा सेल असतो. त्याच्या सिल्व्हर ऑक्साइड प्रकारावर एसआर ६२६ एसडब्ल्यू असे लिहिलेले असते, तर अल्कलाइन प्रकारावर एलआर ६२६. पहिले अक्षर आतली रसायने सांगते, दुसरे अक्षर सेल गोल असल्याचे सांगते, आणि आकड्यांतून आकारमान कळते. दोन्ही सेल एकाच खोबणीत अचूक बसतात, आणि नेमक्या याच कारणाने एकाच्या जागी दुसरा सहज घातला जातो.

सिल्व्हर ऑक्साइड सेलमधली एकूण अभिक्रिया अशी आहे:

Zn + Ag₂O → ZnO + 2Ag

या समीकरणाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. डावीकडे दोन घन पदार्थ आहेत, उजवीकडेही दोन घन पदार्थच आहेत, आणि द्रावणातले काहीही एकूण हिशेबात खर्च होत नाही. सेलचा विद्युतदाब हा अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांच्या स्थितीवर अवलंबून असतो. द्रावणात विरघळलेल्या पदार्थाची तीव्रता घटली की त्याची रासायनिक ओढ घटते, पण शुद्ध घन पदार्थाला तीव्रता अशी नसतेच. सिल्व्हर ऑक्साइडचे शंभर मिलिग्रॅम उरले असोत की पाच मिलिग्रॅम, उरलेला प्रत्येक कण पूर्णपणे सिल्व्हर ऑक्साइडच असतो, आणि त्याच्या शेजारी तयार झालेली चांदी पूर्णपणे चांदी असते. दोन्ही एकत्र आहेत तोवर दाब ठरतो तो त्यांच्या स्वभावावरून. त्यांच्या प्रमाणाचा त्यात वाटा नसतो. म्हणून हिशेबाने येणारा सुमारे १.६ व्होल्टचा दाब व्यवहारात १.५५ व्होल्टच्या आसपास दिसतो आणि तिथेच टिकून राहतो.

बर्फ घातलेल्या पाण्याचे तापमान आपण सर्वांनी पाहिले आहे. भांड्यात बर्फ भरपूर असो वा एकच खडा उरलेला असो, नीट ढवळलेल्या त्या पाण्यातला तापमापक शून्य अंशच दाखवतो. बर्फ किती शिल्लक आहे हे तापमापकावरून कळत नाही, आणि शेवटचा खडा वितळला की तापमान चढू लागते. या दोन घटनांमागचा नियम एकच आहे. दोन वेगवेगळ्या अवस्था शेजारी शेजारी नांदत असतात तोवर ती राशी बांधलेली राहते, आणि एक अवस्था संपताच ती मोकळी होते.

आता अल्कलाइन सेलची धन बाजू पाहू. तिथे मँगनीज डायऑक्साइड असतो. तो सिल्व्हर ऑक्साइडप्रमाणे कणाकणाने संपून दुसऱ्या पदार्थात बदलत नाही. पाण्यातून आलेले प्रोटॉन त्याच्या स्फटिकाच्या जाळीत शिरतात, बाहेरच्या मंडलातून आलेले इलेक्ट्रॉन मँगनीजपाशी स्थिरावतात, आणि सगळा कणच्या कण थोडाथोडा बदलत जातो. विसर्गाच्या, म्हणजे सेल रिकामा होत जाण्याच्या, बऱ्याच मोठ्या टप्प्यात ‘जुना’ आणि ‘नवा’ असे दोन पदार्थ शेजारी नसतात, तर एकच पदार्थ असतो, ज्याची घडण दर तासाला किंचित वेगळी असते. जाळी जितकी भरत जाते तितकी पुढच्या प्रोटॉनची ओढ कमी होते, आणि म्हणून दाब दीडच्या आसपास सुरू होऊन उतरणीवरून १.३, १.२ आणि त्याखाली जात राहतो. ही उतरण म्हणजे निकृष्ट बनावटीची खूण नव्हे. उत्तम कारखान्यातला अल्कलाइन सेलही असाच उतरणार.

दुसरा फरक अंतर्गत रोधाचा आहे. सिल्व्हर ऑक्साइड स्वतः वीज फारशी वाहून नेत नाही, पण त्याच्या खर्चातून निर्माण होते ती चांदी, म्हणजे सर्वोत्तम वाहक धातू. सेल वापरला जातो तसतसे धन बाजूच्या गोळीत वाहक जाळे विणले जाते. मँगनीज डायऑक्साइडच्या बाबतीत हे उलट घडते. त्याच्यात मुळातच ग्राफाइट मिसळावे लागते, आणि विसर्गाबरोबर कण फुगतात व त्यांचा रोध वाढत जातो.

घड्याळाला या सगळ्याशी काय घेणे आहे, हे समजण्यासाठी घड्याळ सेलकडून काय मागते ते पाहू. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला एक स्पंद मिळतो, आणि तो स्पंद काही मिलीसेकंदांपुरता मोटारीच्या वेटोळ्याला दिला जातो. त्या क्षणी साधारण अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. उरलेला सगळा सेकंद मंडल जवळजवळ निजलेले असते. सरासरी काढली तर साध्या तीन काट्यांच्या घड्याळाची गरज एक ते दोन मायक्रोअँपिअरच भरते. स्फटिकाची गती दाबातल्या बदलाने नगण्य बदलते; म्हणून दाब उतरला तरी घड्याळ हळू चालत नाही. मोटारीला मात्र चक्र अर्धा फेरा फिरवण्यापुरते बळ हवे असते, आणि ते कमी पडले की एखादे पाऊल चुकते. सेल बदलायच्या सुमारास घड्याळ मागे पडू लागते ते अशा चुकलेल्या पावलांमुळे.

आता हिशेब करू. एसआर ६२६ एसडब्ल्यूची धारकता २६ मिलीअँपिअर-तास धरली आणि घड्याळाची सरासरी गरज १.३ मायक्रोअँपिअर धरली, तर भागाकार २०,००० तास येतो, म्हणजे सव्वादोन वर्षांहून किंचित अधिक. एवढ्या विजेसाठी सिल्व्हर ऑक्साइड लागतो तो सुमारे ११३ मिलिग्रॅम. दाब शेवटपर्यंत टिकत असल्याने हा साठा जवळजवळ पूर्ण वापरता येतो. त्याच आकाराच्या अल्कलाइन सेलची धारकता १८ मिलीअँपिअर-तास धरू. पण हा आकडा दाब एक व्होल्टच्याही खाली जाईपर्यंतचा असतो, आणि तुमच्या घड्याळाची मोटार १.२५ व्होल्टलाच अडखळू लागत असेल, तर त्यातला निम्माच भाग घड्याळाच्या कामी येईल असे समजू. नऊ मिलीअँपिअर-तासांना १.३ मायक्रोअँपिअरने भागले की ६,९०० तास येतात, म्हणजे साडेनऊ महिने. सेल ‘संपला’ म्हणून काढला जातो तेव्हा त्यात निम्मी वीज शिल्लक असते. घड्याळाला ती वापरता येत नाही इतकेच.

मग तो अकस्मात मृत्यू. सिल्व्हर ऑक्साइड सरत आला की उरलेल्या थोड्या कणांवर सगळा प्रवाह पेलण्याची वेळ येते. मोठा प्रवाह मागणाऱ्या उपकरणात या अवस्थेत दाब आधीच वाकू लागतो. घड्याळाची मागणी मात्र इतकी अल्प असते की मूठभर कणही ती पुरवतात, आणि म्हणून सपाट भाग अखेरच्या काही टक्क्यांपर्यंत लांबतो. गरज जितकी लहान, तितका कडा सरळ तुटलेला. शेवटचा ऑक्साइड गेला की धन बाजूला त्या दाबावर घडू शकेल अशी अभिक्रियाच राहत नाही. जस्त उरलेले असेल तर पुढची शक्य अभिक्रिया म्हणजे पाण्यातून हायड्रोजन सुटणे, आणि जस्तासमोर तिचा दाब केवळ ०.४ व्होल्टच्या आसपास भरतो. दीड आणि ०.४ यांच्यामध्ये थांबायला पायरी नाही. काही उत्पादक सिल्व्हर ऑक्साइडमध्ये थोडा मँगनीज डायऑक्साइड मिसळतात. तिथे कड्याच्या पायथ्याशी एक छोटी उतरण मिळते.

अनेक घड्याळांत सेल संपत आल्याचा इशारा असतो: सेकंद काटा दर सेकंदाऐवजी दोन सेकंदांनी एकदम दोन घरे उडी मारतो. हा इशारा दाब मोजूनच दिला जातो, आणि त्याची मर्यादा १.५५ व्होल्टच्या सपाटीच्या थोडी खाली ठेवलेली असते. सिल्व्हर ऑक्साइडसाठी हे योग्य आहे, कारण तो दाब तिथे आला म्हणजे खरोखर काही दिवसच उरलेले असतात. अल्कलाइन सेल मात्र तीच रेषा आपल्या आयुष्याच्या मध्यावर ओलांडतो. अशा घड्याळाचा काटा कित्येक आठवडे उड्या मारत राहतो, आणि घड्याळ बिघडले असा समज होतो. घड्याळ उघडून सेलवरचे पहिले अक्षर पाहिले तर तेवढ्यानेच निकाल लागतो.

साध्या मीटरने सिल्व्हर ऑक्साइड सेल तपासणे फारसे उपयोगी नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. भार नसताना तो १.५५ दाखवील, मग त्याचे दहा टक्के आयुष्य गेले असो वा ऐंशी. दीड किलोओहमचा रोधक क्षणभर जोडला की सेलमधून सुमारे एक मिलीअँपिअर वाहतो, आणि अंतर्गत रोध वाढला असेल तर दाब ठळकपणे कोसळतो. यातून थकलेला किंवा कोरडा पडलेला सेल ओळखता येतो. शिल्लक साठा त्यातूनही मोजता येत नाही. थंडीत द्रावणाचा रोध वाढतो, म्हणून काठावर आलेला सेल रात्री टेबलावर थांबतो आणि मनगटावर गरम झाला की पुन्हा चालतो. अशी चाल दिसली तर सेल बदलण्याची वेळ झाली असे समजावे. सेल घालताना त्याच्या पृष्ठभागावर बारीक अक्षरांत तारीख लिहून ठेवली, तर वरच्या भागाकाराने पुढचा अंदाज बांधता येतो, आणि सिल्व्हर ऑक्साइडच्या बाबतीत तो मीटरपेक्षा अधिक खरा ठरतो.

संपलेला सेल घड्याळात ठेवू नये, मग तो कोणताही असो. वर सांगितलेला हायड्रोजन सेलच्या आतला वायूचा दाब वाढवतो, सांध्यातून अल्कली झिरपते, आणि ती तांब्याच्या वेटोळ्यापर्यंत पोहोचली की नव्या सेलने ते घड्याळ चालत नाही. केसाहून बारीक अशा त्या तारेचा एक वेढा तुटला, तरी वेटोळे बदलावे लागते.